हँडल एक, मीटिंगमधलं नाव दुसरं: अनोळखी लोकांसमोर स्क्रीनवर काय लिहावं

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसात मी भाषांतराची कामं वाटून देते. आठवड्याला आठ-दहा अनोळखी माणसांना व्हिडिओ मीटिंगच्या वेटिंग रूममधून आत घ्यायचं, हाही त्या कामाचाच भाग. वेटिंग रूममध्ये माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त नाव दिसतं. समोरच्या कागदावर लिहिलेलं असतं, ‘अकरा वाजता वैष्णवी काळे’, आणि स्क्रीनवर आत यायची वाट बघत असतं `khadichi_pori`.

ही तीच मुलगी, की कुठून तरी लिंक हाती लागलेलं भलतंच कुणी? त्या दिवशी मी दोन मिनिटं तिला बाहेरच ठेवलं, फोन करून खात्री केली आणि मग आत घेतलं. आत आल्या आल्या तिने नाव बदललं. मीटिंग छान झाली, काम मिळालं. संध्याकाळी तिचाच फोन आला.

“ताई, माझं ते दुसरं नाव कुणाच्या लक्षात तर आलं नसेल ना? मी लगेच बदललं होतं.”

“बदललंस गं, पण रिपोर्टमध्ये दोन्ही आलीत.”

झूमच्या सशुल्क खात्यातून यजमानाला मीटिंगनंतर उपस्थितांचा रिपोर्ट काढता येतो. त्यात नावाच्या रकान्याचा मथळाच `Name (Original Name)` असा असतो. मीटिंगमध्ये नाव बदललं की आधी नवं नाव आणि पुढे कंसात जुनं, असं दोन्ही छापून येतं. आमच्याकडे तो रिपोर्ट हजेरीसाठी क्लायंटलाही जातो. म्हणजे जे नाव तिला वेगळं ठेवायचं होतं, ते तिच्या खऱ्या नावाला कायमचं चिकटून एका फाइलमध्ये जाऊन बसलं.

ती राहते ऐरोलीला. (नाव मी इथे बदलून ‘वैष्णवी धनंजय काळे’ असं धरलं आहे. हँडलही बदललेलं आहे.) त्या हँडलखाली ती खाडीतल्या फ्लेमिंगोंचे फोटो टाकते, आणि खारफुटीत राडारोडा टाकणाऱ्यांविरुद्ध परखड लिहिते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते फोटो ओळीने बघितले तर ती रोज कुठल्या वाटेने, किती वाजता फिरायला जाते हे कुणालाही कळेल. अनोळखी क्लायंटला ते कळायची काही गरज नाही. पुढच्या शनिवारी ती ऑफिसात आली, आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन बसलो आणि सगळं पहिल्यापासून नीट लावलं. ज्या क्रमाने लावलं त्याच क्रमाने इथे लिहिते.

आधी कागदावर: नाव कशाशी जुळायला हवं

लगेच सेटिंगमध्ये शिरू नका. आधी एका कागदावर दोन रकाने करा. पहिल्यात लिहा, नाव कुठे कुठे जुळायला हवं. आपण ज्या मेलवरून बोलणी केली त्या मेलवरचं नाव, बायोडेटावरचं नाव, बिलावरचं नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे येणार त्यावरचं नाव. दुसऱ्यात लिहा, कशाशी जुळता कामा नये. हँडल, हँडलचा फोटो, हँडलखाली आपण सांगून बसलेली ठिकाणं.

पहिला रकाना मी मुद्दाम आधी ठेवते. नाव ‘प्रोफेशनल’ दिसतं ते त्यातल्या रुबाबामुळे नाही. समोरच्याच्या यादीत जे लिहिलं आहे तेच स्क्रीनवर दिसलं, की त्याला दुसरा विचारच करावा लागत नाही. मेलवर Vaishnavi Kale, मीटिंगमध्ये Vaishnavi Kale, बिलावर Vaishnavi D. Kale, इतकं जुळलं तरी पुरे. याउलट मेलवर एक, मीटिंगमध्ये दुसरं आणि बँकेत तिसरंच आडनाव असलं की पैसे पाठवणारा थांबतो आणि विचारतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत हे मी नेहमी बघते. माझं सांगणं असं, की तूर्तास बँक खात्यावर जे आडनाव आहे तेच मीटिंगमध्ये लावा. बँकेत बदलाल तेव्हा सगळीकडे एकदमच बदला.

टोपणनावाने किंवा लेखननावाने काम करायचं असेल तरीही चालतं, फक्त ते मेल, बायोडेटा आणि मीटिंग तिन्हीकडे एकच हवं आणि बिलाच्या वेळी कायदेशीर नाव वेगळं आहे हे आधी सांगितलेलं हवं. ज्या ऑनलाइन परीक्षेत किंवा मुलाखतीत ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावतात, तिथे मात्र अर्जावरचं नाव जसंच्या तसं लिहायचं. तिथे आपली आवड चालत नाही.

नाव घडवणं

आपली नावं तीन पदरी असतात, आणि बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं. त्यामुळे शाळा-कॉलेजात असताना उघडलेल्या कितीतरी खात्यांवर नाव पडलेलं असतं `KALE VAISHNAVI DHANANJAY`. परदेशातला किंवा दिल्लीचा माणूस ते वाचतो आणि मोठ्या आपुलकीने म्हणतो, “हॅलो काळे!” किंवा शेवटचा शब्द आडनाव समजून मेलमध्ये लिहितो, ‘मिस धनंजय’. मग पहिलं मिनिट त्याला दुरुस्त करण्यात जातं, नाहीतर आपण गप्प बसतो आणि तो वर्षभर वडिलांच्या नावाने हाका मारत राहतो. म्हणून स्वतःचं नाव आधी, आडनाव शेवटी. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मीटिंगच्या चौकटीत नको. एकाच गटात दोन वैष्णवी काळे असतील तर मधलं अक्षर घ्या: `Vaishnavi D. Kale`.

सगळी अक्षरं मोठी असली की नाव सरकारी फॉर्मवरून उचलल्यासारखं दिसतं. सगळी लहान असली, मधे खालची रेघ असली किंवा शेवटी आकडा असला, की ते हँडलसारखं दिसतं. `vaishnavi_kale27` हे तिचं खरंच नाव आहे, तरी अनोळखी डोळ्याला ते हँडलच वाटतं. पहिलं अक्षर मोठं, मधे साधी मोकळी जागा, बस्स. फूल, तारा, बदाम यांतलं काही नावात नको. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरत असेल तर तो प्रत्येक इमोजीचं वर्णन मोठ्याने वाचून दाखवतो, आणि नाव त्यात हरवतं.

स्पेलिंगचा प्रश्न नाजूक आहे. Kale हे इंग्रजी वाचणारा माणूस ‘केल’ असं वाचतो, ती एक पालेभाजी आहे. More ला ‘मोअर’ म्हणतात, Sane ला ‘सेन’. वैष्णवीला वाटत होतं की मीटिंगपुरतं `Kaale` करावं. मी नको म्हटलं. उच्चार सुधारण्यासाठी स्पेलिंग बदललं की पहिल्या रकान्यातली जुळणी मोडते. मेलमध्ये नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही. उच्चार तोंडी सांगावा: “हाय, मी वैष्णवी काळे.” सुरुवातीला एकदा स्पष्ट म्हटलं की ऐकणारा तसंच म्हणतो.

देवनागरीत लिहावं का? झूम आणि मीट दोन्हीकडे देवनागरी नाव व्यवस्थित दिसतं, आणि मराठी प्रकाशक, मराठी शाळा, सोसायटीची सभा असं असेल तर मला ते फार आवडतं. पण समोर कोण कोण असेल हे माहीत नसेल, तर यजमानाला यादीतून आपल्याला शोधता यायला हवं. निमंत्रण ज्या लिपीत आलं त्याच लिपीत नाव, हा माझा नियम आहे.

नावापुढे काम लिहायचं असेल तर दोन शब्दांपेक्षा जास्त नको. `Vaishnavi Kale, Translator` चालेल. चौकटी लहान झाल्या की लांबलचक नावाची शेपटी कापली जाते, म्हणून महत्त्वाचं ते आधी यायला हवं. गावाचं नाव मात्र वैष्णवीला मी लिहू दिलं नाही. एरवी `Airoli` लिहिण्यात वाईट काही नाही. पण तिच्या हँडलची सगळी ओळखच ऐरोलीच्या खाडीची. पहिलं नाव आणि ऐरोली एवढ्या दोन धाग्यांवरून शोधणाऱ्याला ती दहा मिनिटांत सापडली असती. तुमच्या हँडलमध्ये ट्रेकिंग असेल तर मीटिंगच्या नावात येऊर नको, हँडल खाण्याचं असेल तर ‘फूडी’ नको. दोन नावांमध्ये एकही समान शब्द, आकडा किंवा शब्दखेळ ठेवू नका.

शंभर-दोनशे अनोळखी लोकांच्या खुल्या वेबिनारला मी स्वतः पूर्ण आडनाव लावत नाही, `नाव + आडनावाचं पहिलं अक्षर` इतकंच लिहिते. क्लायंटच्या किंवा मुलाखतीच्या मीटिंगला मात्र असं अर्धं नाव लावू नका. तिथे समोरचा आपलं नाव सांगून बसलेला असतो.

हे नाव येतं कुठून

नवख्या माणसाची खरी अडचण इथे होते. एकाने सांगितलं ‘नाव बदल’, म्हणून तो मीटिंगमध्ये बदलायला जातो, आणि मीटमध्ये तो पर्यायच सापडत नाही. कारण प्रत्येक ठिकाणी नाव वेगळ्या विहिरीतून येतं.

झूममध्ये साइन इन केलेलं असेल तर नाव प्रोफाइलमधून येतं. ब्राउझरमध्ये `zoom.us/profile` उघडा, नावाशेजारचं `Edit` दाबा. तिथे `First Name`, `Last Name` आणि `Display Name` असे वेगळे रकाने आहेत. मीटिंगमध्ये लोकांना दिसतं ते `Display Name`. बरेच जण पहिले दोन बदलतात, तिसरा तसाच राहतो आणि मग बदल झालाच नाही असं वाटतं. जतन केल्यावर ॲपमधून एकदा साइन आउट होऊन परत साइन इन करा.

झूममध्ये साइन इन न करता नुसत्या लिंकवरून गेलात तर नाव विचारणारी चौकट येते. फोनवर त्या चौकटीत आधीपासून फोनचंच नाव बसलेलं असू शकतं, म्हणून कुणी `iPhone` नावाने येतं तर कुणी फोनच्या मॉडेलच्या नावाने. घरातला लॅपटॉप सामायिक असेल तर आणखी गंमत होते: 2020 मध्ये मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी उघडलेलं खाते अजून तसंच असतं, आणि आईच्या मुलाखतीत चौकटीखाली येतं `7B Roll 23`. असं आलेलं मी दोनदा पाहिलं आहे. चौकटीतलं नाव पुसून आपलं लिहा, आणि लॅपटॉप सामायिक असेल तर नाव लक्षात ठेवण्याच्या खुणेवरची टिचकी काढून टाका.

मीटिंगमध्ये असताना `Participants` उघडून आपल्या नावावर `Rename` करता येतं, पण यजमानाने ती मुभा बंद केलेली असू शकते, बदल त्या मीटिंगपुरताच असतो, आणि रिपोर्टचं मघाशी सांगितलंच. `Rename` हा आग विझवायचा उपाय समजा, रोजचा नाही.

आणखी एक जागा जी कुणी बघत नाही. झूमवर मीटिंग तुम्ही ठेवलीत, तर पाठवायच्या निमंत्रणाचं पहिलंच वाक्य आपोआप असं तयार होतं:

```
Vaishnavi Kale is inviting you to a scheduled Zoom meeting.
```

इथे `Display Name` मधलं नाव येतं. आधी निमंत्रण पाठवून मग नाव बदललंत, तर ते वाक्य जुन्याच नावाने क्लायंटच्या मेलमध्ये राहतं. म्हणून आधी नाव, मग मीटिंग ठेवणं.

टीम्समध्ये कंपनीच्या खात्याने गेलात तर नाव कंपनीच्या आयटी विभागाने भरलेलं असतं, त्यांनाच मेल करा. खात्याशिवाय लिंकवरून गेलात तर नाव स्वतः लिहायचं, आणि तुम्ही बाहेरचे आहात अशी खूण त्यापुढे लागते. ती खूण काढता येत नाही, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

गूगल मीटचं जरा वेगळं आहे

मीटमध्ये साइन इन केलेल्या माणसाला मीटिंगच्या आत नाव बदलता येत नाही. तिथे गूगल खात्याचं नाव दिसतं. ते बदलायचं तर `myaccount.google.com` वर `Personal info` मध्ये `Name`. दोन मिनिटांचं काम, पण थांबा, कारण वैष्णवी नेमकी इथेच अडकली असती.

तिच्या जुन्या गूगल खात्याचं नावच हँडलवरून होतं. तिचा बेत होता की ते बदलून `Vaishnavi Kale` करावं. मी तिला विचारलं, “याच खात्यातून तू गूगल मॅप्सवर काही लिहिलं आहेस का?” लिहिलेलं होतं: घणसोलीच्या क्लिनिकबद्दल तक्रार, घोडबंदर रोडवरच्या दोन हॉटेलांबद्दल मतं, सोसायटीजवळच्या जिमबद्दल एक चिडून लिहिलेलं परीक्षण. गूगल खात्याचं नाव हे त्या खात्याचंच नाव असतं, नुसतं मीटचं नाही. मॅप्सवरची जुनी परीक्षणं सहसा त्याच नावाखाली दिसतात. नाव बदलताच हँडलखाली लिहिलेलं सगळं एका झटक्यात खऱ्या नावाखाली आलं असतं. दोन्ही नावं वेगळी ठेवण्याच्या खटाटोपात तिने स्वतःच ती जोडून दिली असती.

दुसरी अडचण मेलच्या पत्त्याची. क्लायंट कॅलेंडरमधून निमंत्रण पाठवतो तेव्हा पाहुण्यांच्या यादीत मेलचा पत्ता असतो. खात्याचं नाव कितीही नीटनेटकं केलं, तरी पत्ता हँडलचाच असेल तर तो तिथे सगळ्यांना दिसतो.

म्हणून आम्ही कामासाठी नवं गूगल खातं उघडलं. ज्यांना हँडल वेगळं ठेवायचं आहे त्या सगळ्यांना माझा हाच सल्ला आहे, जुन्या खात्याची डागडुजी करत बसू नका. पत्ता निवडताना: जीमेलच्या पत्त्यात अक्षरं, आकडे आणि टिंब चालतं, खालची रेघ चालत नाही. टिंबाला जीमेल जुमानत नाही. मधे टिंब दिलेला आणि न दिलेला पत्ता त्याच्या लेखी एकच, त्यामुळे टिंब टाकून ‘घेतलेलं’ नाव मोकळं होत नाही. नाव आणि आडनाव असा साधा पत्ता बहुधा आधीच गेलेला असतो. मग जन्मसाल जोडू नका, वय उघड होतं. पिनकोड तर नकोच. मधलं अक्षर घ्या किंवा कामाचा शब्द जोडा. वैष्णवीने नावाआधी वडिलांच्या नावाचं अक्षर लावून बघितलं, जमलं नाही. शेवटी आडनावापुढे `translates` लावलं आणि ते मिळालं.

जुन्या खात्यावर हँडलसंबंधी काहीच नसेल, फक्त नावाचा क्रम उलटा किंवा अक्षरं सगळी मोठी असतील, तर मात्र नवं खातं उघडायचं कारण नाही, नाव तिथेच दुरुस्त करा. एक लक्षात ठेवा, मेल पाठवताना दिसणारं नाव जीमेलमध्ये वेगळंही नोंदलेलं असू शकतं. सेटिंगमध्ये `Accounts and Import` खाली `Send mail as` बघा आणि तिथेही तेच नाव करा.

नवं खातं झालं तरी धोका संपत नाही, कारण एकाच ब्राउझरमध्ये दोन्ही खाती उघडी असली की मीटची लिंक बहुतेक वेळा आधी साइन इन केलेल्या, म्हणजे जुन्याच खात्याने उघडते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे क्रोममध्ये कामासाठी स्वतंत्र प्रोफाइल. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर टिचकी मारून नवं प्रोफाइल जोडा, त्यात फक्त कामाचं खातं ठेवा, आणि त्याला वेगळा रंग द्या. वैष्णवीने कामासाठी हिरवा घेतला. मीटिंगची लिंक आली की आधी हिरवी खिडकी उघडायची, मग लिंक त्यात चिकटवायची. मीटमध्ये शिरण्याआधीच्या पानावर कुठल्या खात्याने जाताय तो पत्ता लिहिलेला असतो, आणि शेजारी `Switch account` असतं. तिथे नजर टाकल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नावाबाहेर हँडल कुठून डोकावतं

कॅमेरा बंद केला की चौकटीत खात्याचा फोटो येतो. हँडलवर वापरलेलाच फोटो इथे असेल, तर नावं वेगळी ठेवून काय उपयोग? एका फोटोवरून त्याच्यासारखे फोटो शोधणं आता कुणालाही जमतं. कामाच्या खात्यावर असा फोटो लावा जो दुसरीकडे कुठेच टाकलेला नाही. फोटोच न लावता नावाचं पहिलं अक्षर राहू दिलं तरी चालतं, त्यात अनोळखी माणसाला काही वावगं वाटत नाही.

स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन देऊ नका, फक्त ती एक खिडकी द्या. वैष्णवीच्या रंगीत तालमीत मी तिच्या स्क्रीनवर चार ठिकाणी `khadichi_pori` वाचलं: ब्राउझरच्या एका टॅबवर, डेस्कटॉपवरच्या फोल्डरच्या नावात, कोपऱ्यात आलेल्या सूचनेत, आणि तिने दाखवायला उघडलेल्या फाइलच्या नावातच. फाइलचं नाव तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. चॅटमध्ये फाइल पाठवली की तेच नाव समोर जातं, म्हणून नमुन्याच्या फाइलींना कामाचं नाव द्या: `Kale_Marathi_Sample.pdf` वगैरे.

रंगीत तालीम

पहिल्या मीटिंगच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं काढा. झूमसाठी `zoom.us/test` उघडलं की एकट्यासाठी चाचणीची मीटिंग मिळते, तिथे नाव कसं दिसतं ते बघा. मीटसाठी कामाच्या प्रोफाइलमध्ये `meet.new` लिहा, मीटिंग सुरू होईल. तिची लिंक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवा आणि त्या फोनवरून आत या. आता स्वतःकडे त्या फोनच्या पडद्यावरून बघा. कॅमेरा चालू असताना नाव, कॅमेरा बंद केल्यावर नाव आणि फोटो, लोकांच्या यादीतलं नाव. स्वतःच्या स्क्रीनवर बघून भागत नाही, कारण स्वतःच्या चौकटीत कधी कधी नुसतं ‘You’ येतं.

मग तो फोन अशा माणसाच्या हातात द्या ज्याने तुमचं नाव लिहिलेलं कधी वाचलेलं नाही, आणि त्याला म्हणा, “हिला हाक मार.” आम्ही ऑफिसात नुकत्याच लागलेल्या, मूळच्या केरळच्या मुलीला सांगितलं. तिने वाचलं, “वैष्णवी... केल?” वैष्णवीने म्हटलं, “काळे.” तिने लगेच “काळे” म्हटलं. नाव नीट झालं आहे हे तेव्हा कळलं: पहिला शब्द अडखळला नाही, आडनाव एकदा सांगितल्यावर बसलं, आणि ही कोण, काय करते, असा प्रश्न आला नाही.

ऐन वेळी चुकलं तर

वेटिंग रूममध्ये असताना लक्षात आलं, तर तिथूनच बाहेर पडा, नाव बदला आणि परत या. यजमानाला आधीचं नाव क्षणभर दिसलं असेल, ते पुसता येत नाही, पण आत बसलेल्या बाकीच्यांना दिसत नाही. दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल.

आत गेल्यावर लक्षात आलं तर झूमवर सरळ `Rename` करा, मीटवर बाहेर पडून योग्य खात्याने परत या. रेकॉर्डिंग चालू असेल तर तोवरचं नाव त्यात आलेलं असतं. तेव्हा सगळ्यांसमोर मोठा खुलासा करत बसू नका, त्याने ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं त्यांचंही जातं. “माफ करा, दुसऱ्या खात्याने आले होते” इतकं म्हणून कामाचं बोला. नंतर यजमानाला वेगळा मेल करा, की रिपोर्ट पुढे पाठवणार असाल तर त्यातलं माझं कंसातलं जुनं नाव काढाल का. रिपोर्ट साध्या सीएसव्ही फाइलमध्ये निघतो, एक ओळ दुरुस्त करायला यजमानाला अर्धं मिनिट लागतं. वैष्णवीच्या वेळी मी क्लायंटला दुरुस्त फाइल पुन्हा पाठवली, जुनी मेलमध्ये आहेच, पण नोंदीला आता नवी धरली जाते.

गेल्या मंगळवारी तिची दुसऱ्या क्लायंटबरोबर मीटवर भेट होती, मी दुवा म्हणून हजर होते. अकराला पाच मिनिटं कमी असताना माझ्या स्क्रीनवर आलं, `Vaishnavi Kale` आत येऊ इच्छिते. कागदावरही तेच होतं. मी लगेच आत घेतलं.